शून्य रुपयांचा क्लेम

माझ्या आईची आरोग्य विम्याची पॉलिसी पाच लाखांची आहे. घेतली तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे गेलं होतं, त्यामुळे कंपनीनं २० टक्के को-पे लावला. तो टाळायची सोय नव्हती. शिवाय हप्ता झेपावा म्हणून आम्ही आपण होऊन ५०,००० रुपयांचं वार्षिक डिडक्टिबल घेतलं. या दोन अटींतून गेल्या वर्षी एक मोठा क्लेम गेला. कंपनीनं आधी जी रक्कम मंजूर केली आणि शेवटी जी दिली, त्यात ४२,००० रुपयांचा फरक पडला. बिल तेच, शस्त्रक्रिया तीच, पॉलिसीही तीच. फक्त दोन वजाबाक्या कशातून करायच्या आणि आधी कुठली करायची, एवढ्यावर हे ४२,००० अडले होते. हा हिशेब मला मुळापासून सांगायचा आहे, कारण अशा अटींच्या पॉलिसी आता घरोघरी आहेत आणि कंपनीचं पत्र आलं की बहुतेकजण फक्त खालचा शेवटचा आकडा बघतात.

आधी या दोन अटी नेमकं काय करतात ते सांगते. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेब बघते, त्यामुळे आकड्यांनीच बोलते.

विमा कंपनी रुग्णालयाच्या पूर्ण बिलावर हिशेब करत नाही. आधी ती बिलातून न देण्याच्या वस्तू बाजूला काढते. हातमोजे, मास्क, सोबत राहिलेल्या माणसाचं जेवण, नोंदणीचे किरकोळ पैसे, सर्टिफिकेटचा खर्च असल्या गोष्टी त्यात येतात. विमा नियामकानं अशा वस्तूंची यादीच दिलेली आहे आणि ती बहुतेक पॉलिसींच्या शेवटी जोडलेली असते. हे काढून जे उरतं ती ग्राह्य रक्कम. डिडक्टिबल आणि को-पे या दोन्ही अटी बिलावर लागत नाहीत, या ग्राह्य रकमेवर लागतात. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

डिडक्टिबल म्हणजे ठरलेल्या रुपयांपर्यंतची ग्राह्य रक्कम कंपनी देणार नाही, त्यावरची देईल. को-पे म्हणजे ग्राह्य रकमेतला ठरलेला टक्का आपला. पहिली अट रुपयांत असते, दुसरी टक्क्यांत. म्हणून लहान बिलाला डिडक्टिबल जास्त बोचतं आणि मोठ्या बिलाला को-पे. ४०,००० च्या बिलात आमचं डिडक्टिबल कंपनीकडून एक पैसाही येऊ देत नाही. चार लाखांच्या बिलात मात्र ते ५०,००० वरच थांबतं, आणि को-पे बिलाबरोबर वाढतच जातो. दोन्हींमुळे विम्याची मूळ रक्कम कमी होत नाही. पाच लाखांतून कंपनीनं प्रत्यक्षात जेवढे दिले तेवढेच कमी होतात, आपण आपल्या खिशातून भरले ते नाहीत.

डिडक्टिबलमध्ये आणखी एक गोष्ट बघावी लागते. ते दर क्लेमला नव्यानं लागतं की वर्षाला एकदाच? नियामकाच्या व्याख्येतच म्हटलंय की कंपनीनं हे पॉलिसीत स्पष्ट सांगायला हवं. आमच्या पॉलिसीत ते वार्षिक आणि एकत्रित होतं, म्हणजे वर्षभरातल्या सगळ्या दाखल होण्यांचा ग्राह्य खर्च मिळून ५०,००० भरले की डिडक्टिबल संपलं. राधानगरी धरण डोळ्यासमोर आणा. जूनमधला पाऊस पडतो, पण स्वयंचलित दरवाजे उघडत नाहीत, त्यांतून भोगावतीत एक थेंब सुटत नाही. म्हणून तो पाऊस वाया गेला असं कुणी म्हणत नाही, तो धरणात साठलेला असतो. धरण भरलं की त्यानंतर येणारं पाणी दरवाज्यातून बाहेर पडतं. वार्षिक डिडक्टिबल असं भरत जातं. दर क्लेमला लागणारं डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक पावसाआधी धरण रिकामं करून ठेवायचं.

आमचा जूनचा पाऊस म्हणजे आईचा डेंग्यू.

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत पावसाळ्यात चार-पाच घरांत ताप होता. आईच्या प्लेटलेट्स उतरत गेल्या आणि डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. सुदैवानं लवकर सावरली. बिल झालं ३९,५०० रुपये. रुग्णालयाच्या विमा खिडकीवरच्या मुलानं पॉलिसी बघून सांगितलं, "मॅडम, डिडक्टिबल पन्नास हजार आहे, कॅशलेस काही होणार नाही, बिल भरून टाका." ते बरोबरच होतं. भावाचा पुण्याहून फोन आला, "मिळणार तर शून्य, मग कशाला कागद गोळा करत बसतीस?" घरी आलेल्या मावशीचंही तेच म्हणणं.

आमची पॉलिसी काढून देणारे काका मात्र ठाम होते. त्यांनी बसवूनच सांगितलं, "ताई, हा क्लेम पैशासाठी टाकायचा नाही. हा खर्च कंपनीच्या दप्तरात ग्राह्य म्हणून नोंदला जायला पाहिजे. डिसेंबरात आणखी काही झालं तर तुम्ही तोंडी सांगितलेला डेंग्यू कोण धरणार?"

मी क्लेम टाकला. पॉलिसीत डिस्चार्जनंतर ३० दिवसांची मुदत होती. डिस्चार्ज कार्ड, तपशिलासह बिल, पावत्या, औषधांची बिलं आणि त्यांच्या चिठ्ठ्या, सगळे रिपोर्ट, आईच्या बँक खात्याचा रद्द केलेला चेक, असे सगळे मूळ कागद जोडले आणि झेरॉक्स स्वतःकडे ठेवल्या. यात एक गोष्ट लोक विसरतात. दाखल होण्याआधीच्या ३० दिवसांतल्या त्याच आजाराच्या तपासण्या आणि डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतली औषधं, तपासण्या आमच्या पॉलिसीत धरल्या जातात. बाहेरच्या लॅबमध्ये रोज केलेल्या प्लेटलेट्सच्या तपासण्या आणि नंतरची औषधं मिळून ४,००० झाले होते, तेही जोडले. पैसे मिळणार नसले तरी डिडक्टिबल भरायला हे चार हजार मोजले जातात.

काही आठवड्यांनी पत्र आलं. रुग्णालयाच्या बिलातले ३,५०० अग्राह्य, म्हणजे ३६,००० ग्राह्य, आणि बाहेरचे ४,०००. एकूण ग्राह्य ४०,०००. डिडक्टिबलपेक्षा कमी असल्याने देय रक्कम शून्य.

हे पत्र वाचताना एक फरक ओळखता यायला हवा. "क्लेम नामंजूर" असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ कंपनीनं हा खर्च पॉलिसीत बसतो हेच मान्य केलेलं नाही, आणि मग त्यातला रुपयाही डिडक्टिबलमध्ये धरला जाणार नाही. "ग्राह्य इतके, देय शून्य" असं असेल तर खर्च मान्य आहे, फक्त तो डिडक्टिबलच्या आत आहे. आमच्या पत्रात दुसरा प्रकार होता. तरी मी कंपनीला ई-मेल करून विचारलं की या वर्षाच्या डिडक्टिबलपैकी आता किती शिल्लक आहे. उत्तर आलं, १०,०००. त्यातच विचारून घेतलं की शून्य देय क्लेममुळे क्लेम न केल्याचा बोनस कमी होणार का. काहीच रक्कम दिली नसल्याने होणार नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. ही दोन ओळींची ई-मेल मी छापून फाइलला लावली. पुढे तिचंच मोल सगळ्यात जास्त ठरलं.

आईच्या उजव्या गुडघ्याचं दुखणं जुनं. अंबाबाईच्या देवळात जायचं तर रिक्षातून उतरल्यावरही दोनदा थांबावं लागायचं. दिवाळीनंतर अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे बघून सांगितलं की आता सांधा बदलणं हाच इलाज, घाई नाही, पण टाळूही नका. पॉलिसीला चौथं वर्ष चालू होतं, त्यामुळे सांधा बदलण्यासाठीची प्रतीक्षेची मुदत संपलेली होती. आईचं म्हणणं उन्हाळा जाऊ दे, पुढच्या दिवाळीला बघू.

तेव्हा मी तिच्यापुढे कागद ठेवला. आमचं पॉलिसी वर्ष जूनमध्ये संपतं. नूतनीकरणाच्या दिवशी डिडक्टिबल पुन्हा पूर्ण ५०,००० होतं, डेंग्यूचे चाळीस हजार मागच्या वर्षाबरोबर जातात. रुग्णालयाच्या अंदाजानुसार ग्राह्य खर्च २,६०,००० च्या आसपास येणार होता. या वर्षी केलं तर उरलेलं डिडक्टिबल १०,०००, म्हणजे २,५०,००० राहिले, त्यातला २० टक्के को-पे ५०,०००, कंपनीकडून २,००,०००. पुढच्या वर्षी केलं तर डिडक्टिबल ५०,०००, राहिले २,१०,०००, को-पे ४२,०००, कंपनीकडून १,६८,०००. त्याच शस्त्रक्रियेला ३२,००० कमी. डॉक्टरांनी तातडीचं म्हटलं असतं तर हा हिशेब मी केलाही नसता. पण तारीख आपल्या हातात असताना तो बघायला काय हरकत आहे? आई म्हणाली, "बत्तीस हजार म्हणजे थोडं नव्हं. आत्ताच करू."

दाखल होण्याआधी मी कंपनीकडून ग्राहक माहितीपत्रकाची मराठी प्रत मागवली. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीबरोबर हे पत्रक देणं बंधनकारक झालंय आणि ग्राहकानं मागितलं तर ते त्याच्या भाषेत द्यायचं असतं. त्यात डिडक्टिबल आणि को-पे किती, हे मोजक्या शब्दांत असतं. पण कुठली वजाबाकी आधी, हे त्यात नव्हतं. त्यासाठी पूर्ण पॉलिसी वाचावी लागली. क्लेमच्या हिशेबाच्या कलमात ते होतं: ग्राह्य रकमेतून आधी डिडक्टिबल वजा करायचं आणि उरलेल्या रकमेवर को-पे लावायचा.

हा क्रम का महत्त्वाचा, ते सांगते. डिडक्टिबल आधी काढलं तर को-पेचा टक्का लहान रकमेवर लागतो. को-पे आधी काढला तर तो मोठ्या रकमेवर लागतो आणि वर डिडक्टिबल पूर्णच्या पूर्ण जातं. दोन्ही रीतींतला फरक दर वेळी डिडक्टिबलच्या को-पे टक्क्याइतका असतो. ५०,००० डिडक्टिबल आणि २० टक्के को-पे असेल तर १०,००० रुपये. बिल दोन लाखांचं असो की चार लाखांचं, हा फरक तेवढाच राहतो. सगळ्या कंपन्यांची रीत एकच नसते, म्हणून आपल्या पॉलिसीतलं कलमच बघायचं, शेजारच्या पॉलिसीवरून अंदाज बांधायचा नाही.

शस्त्रक्रिया ठरवून असल्याने रुग्णालयानं आधीच कॅशलेसची विनंती पाठवली. पहिलं मंजुरीपत्र आलं त्यात डिडक्टिबलच्या रकान्यात ५०,००० होते. मी लगेच विमा खिडकीवर डेंग्यूचं पत्र आणि ती ई-मेल दाखवली. तिथल्या बाईंनी ते कागद स्कॅन करून पाठवले आणि म्हणाल्या, "हे सुरुवातीचं पत्र आहे, अंतिम बिलाला दुरुस्त होईल बहुतेक."

झालं नाही. डिस्चार्जच्या दिवशी बिल आलं २,६८,०००. त्यातले ८,००० अग्राह्य होते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. वॉकर आणि गुडघ्याचा पट्टा त्या न देण्याच्या यादीत स्पष्ट आहेत. गुडघ्याची शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी हे दोन खर्च आपले म्हणूनच धरावेत, आणि असले पैसे डिडक्टिबल भरायलाही उपयोगी पडत नाहीत हेही लक्षात ठेवावं. ग्राह्य रक्कम बरोबर २,६०,००० निघाली. पण अंतिम मंजुरी आली १,५८,००० ची.

त्यांनी काय केलं होतं ते मी तिथेच बाकावर बसून सोडवलं. २,६०,००० चा २० टक्के को-पे ५२,०००, राहिले २,०८,०००. त्यातून डिडक्टिबल ५०,०००, राहिले १,५८,०००. दोन चुका होत्या. डेंग्यूचे ४०,००० धरलेच नव्हते, आणि वजाबाक्यांचा क्रम उलटा होता. कलमाप्रमाणे यायला हवे होते २,००,०००. ४२,००० च्या फरकातले ३२,००० पहिल्या चुकीचे आणि १०,००० दुसरीचे.

अंतिम मंजुरी रुग्णालयाची विनंती गेल्यापासून तीन तासांत द्यायची असा नियामकाचा नियम आहे. रुग्णासाठी तो चांगलाच आहे, ताटकळत बसावं लागत नाही. पण वाद घालायची ती जागा नव्हे. आई व्हीलचेअरवर बसलेली, खोली रिकामी करायची घाई, आणि विमा खिडकीवरच्या माणसांच्या हातात कंपनीचा हिशेब नसतो. आम्ही १,१०,००० भरले. खरं तर आमचा वाटा ६८,००० होता, अग्राह्य ८,०००, उरलेलं डिडक्टिबल १०,००० आणि को-पे ५०,०००. मंजुरीपत्रावर सही करताना मी "डिडक्टिबल व को-पेचा हिशेब मान्य नाही, फरकाची मागणी राखून" असं मराठीत लिहिलं आणि त्याचा फोटो काढून ठेवला. भरलेल्या पैशांची पावती वेगळी घेतली. फरक मागताना ती लागतेच.

मग कंपनीच्या तक्रार विभागाला ई-मेल केली. या ई-मेलवर मी बराच विचार केला. कंपनी कशी वागली, आईला किती त्रास झाला, हे एका शब्दानं लिहिलं नाही. दोन रकाने केले. डावीकडे कंपनीचा हिशेब, उजवीकडे पॉलिसीप्रमाणे हिशेब, प्रत्येक ओळीपुढे कलमाचा क्रमांक किंवा पत्राची तारीख. खाली एकच मागणी, ४२,०००. सोबत डेंग्यूचं पत्र, शिल्लक १०,००० सांगणारी ई-मेल, पॉलिसीचं ते पान आणि रुग्णालयाची पावती.

पहिल्या उत्तरात त्यांनी अर्धं मान्य केलं, आणि चूक कुठून आली तेही कळलं. डेंग्यूचा क्लेम त्यांच्याकडे "बंद" म्हणून नोंदला गेला होता. कंपनीच्या वतीनं कॅशलेस बघणाऱ्या मध्यस्थ संस्थेला, म्हणजे टीपीएला, फक्त पैसे दिलेले क्लेम दिसत होते. शून्य देय क्लेममधली ग्राह्य रक्कम डिडक्टिबलच्या खात्यात जमाच झाली नव्हती. शिल्लक सांगणारी ई-मेल ज्या विभागानं पाठवली, त्याची नोंद दुसऱ्या विभागापर्यंत पोहोचलेली नव्हती. म्हणजे लेखी उत्तर आमच्याकडे नसतं तर चाळीस हजारांचा तो ग्राह्य खर्च आधी झाला होता हे पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करत बसावं लागलं असतं. सुधारित हिशेबात त्यांनी डिडक्टिबल १०,००० केलं. पण को-पे पुन्हा आधीच काढला. २,६०,००० वजा ५२,००० वजा १०,०००, म्हणजे १,९८,०००. ४०,००० खात्यात जमा करतो, असं लिहिलं.

भाऊ म्हणाला, "दोन हजारांसाठी आता कशाला? चाळीस तर आले." त्या वर्षापुरतं बघितलं तर त्याचं खरं होतं. डिडक्टिबल १०,००० वर आलं होतं, म्हणून उलट्या क्रमाची किंमत २,००० वर आली होती. पण पुढच्या वर्षी पूर्ण डिडक्टिबल असताना तीच रीत १०,००० खाणार होती. आईचा डावा गुडघाही काही धड नाही. एकदा त्यांच्या हिशेबात क्रम तसाच राहिला तर दर क्लेमला हे भांडण. म्हणून मी चाळीस हजार स्वीकारले आणि उत्तरात एवढंच लिहिलं की ही रक्कम हिशेबाचा भाग म्हणून स्वीकारते, अंतिम तडजोड म्हणून नाही. क्रमाचं कलम जसंच्या तसं उतरवलं आणि विचारलं की तुम्ही ज्या कलमावरून को-पे आधी काढला ते कलम कळवा.

असा प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्याला पॉलिसी उघडावीच लागते. "आमच्या नियमांप्रमाणे" असं मोघम लिहून भागत नाही.

उत्तर लांबलं तर पुढे काय, हे काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कंपनीकडे लेखी तक्रार केल्यावर ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं ते पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. कोल्हापूर पुण्याच्या कार्यालयाच्या हद्दीत येतं. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीनं तक्रार फेटाळल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालांकडेही प्रश्न हाच येतो की पॉलिसीत काय लिहिलंय, म्हणून कागद आधीच त्या बेतानं लावून ठेवले होते. जायची वेळ आली नाही. दुसरं उत्तर छोटं होतं: को-पे डिडक्टिबलनंतर लागू होतो, फरक २,००० जमा करण्यात येत आहे.

डिस्चार्जनंतरचे ६० दिवस संपल्यावर औषधं, टाके काढल्यानंतरच्या तपासण्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी यांचा वेगळा क्लेम टाकला. ग्राह्य झाले १५,०००. डिडक्टिबल आता पूर्ण भरलेलं होतं, त्यामुळे फक्त को-पे ३,००० गेला आणि १२,००० आले. या वेळी पत्रात डिडक्टिबलच्या रकान्यात शून्य होतं. तेवढं बघूनच मी पत्र फाइलला लावलं.

जूनमध्ये नूतनीकरण आलं तेव्हा डिडक्टिबल काढून टाकायचं का, यावर घरात चर्चा झाली. ते काढायचं म्हणजे कंपनीच्या दृष्टीनं जोखीम वाढवणं, त्यासाठी ती पुन्हा तपासण्या मागू शकते आणि नाहीही म्हणू शकते. शस्त्रक्रिया नुकती झालेली असताना ते सोपं नव्हतं. पण त्याहून महत्त्वाचा हिशेब दुसरा होता. ५०,००० डिडक्टिबलचं आमच्यासाठी खरं ओझं ५०,००० नाही. डिडक्टिबल नसतं तरी त्या पन्नास हजारांवर २० टक्के को-पे लागलाच असता, म्हणजे १०,००० आपलेच गेले असते. डिडक्टिबलमुळे जादा जातात ते ४०,०००, तेही वर्षाला जास्तीत जास्त एकदा, आणि ज्या वर्षी दाखल व्हावं लागलं त्या वर्षीच. हप्त्यात त्याची सूट दरवर्षी मिळते. आमच्या पॉलिसीत ती वर्षाला ९,००० च्या आसपास होती, म्हणजे साधारण साडेचार वर्षांत एखाद्या वर्षी मोठं बिल आलं तर बरोबरी होते. को-पे नसलेल्या पॉलिसीत हेच गणित ५०,००० धरून करावं लागेल आणि उत्तर वेगळं येईल.

आम्ही डिडक्टिबल ठेवलं. हप्त्यातल्या सवलतीचे नऊ हजार आईच्या नावानं वेगळ्या खात्यात टाकायला लागलो, आणि नव्या वर्षाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: डिडक्टिबल शिल्लक ५०,०००.